हात सगळ्यांत शेवटी

वैद्यकीय महाविद्यालयाच्या एखाद्या रुग्णालयात सकाळी नऊच्या सुमारास सर्जिकल वॉर्डात गेले, तर एक गंमत पाहायला मिळू शकते. एका खाटेशी एमबीबीएसचा विद्यार्थी उभा असतो. तो रुग्णाचे पोट न्याहाळतो आणि लगेच त्यावर हात ठेवतो. शेजारच्या खाटेशी बी.एस्सी. नर्सिंगची विद्यार्थिनी असते. तीही आधी न्याहाळते, पण हात ठेवण्याआधी स्टेथोस्कोप कानाला लावते, मग बोटांनी टकटक करते आणि दाबायचे काम अगदी शेवटी ठेवते. दोन्ही खाटांकडे पाहणाऱ्या नातेवाइकाला वाटते, यांतला एक जण नक्की चुकतोय.

चुकत कोणीच नसते. एमबीबीएसचा विद्यार्थी ज्या परंपरेत शिकतो ती 1897 साली पहिल्यांदा छापल्या गेलेल्या हचिसनच्या पुस्तकाची. पाहणे, हाताने तपासणे, ठोकणे आणि शेवटी ऐकणे, असा तिचा क्रम. नर्सिंगच्या पुस्तकांतही छातीसाठी हाच क्रम असतो, पण पोटापाशी आले की तो मोडला जातो: आधी पाहा, मग ऐका, मग ठोका आणि सगळ्यांत शेवटी दाबा. तोंडी परीक्षेत ‘असे का?’ हा प्रश्न ठरलेला आणि त्याचे उत्तरही ठरलेले. ठोकले-दाबले की आतड्यातला वायू आणि पातळ द्रव हलतो, आतड्याची हालचाल बदलते आणि मग ऐकू येणारा आवाज रुग्णाच्या पोटाचा न राहता तपासणाऱ्याच्या हाताने निर्माण केलेला असू शकतो.

उत्तर बरोबर धरले जाते, पण ते अर्धेच आहे. निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या काही लहान अभ्यासांत पोट दाबण्याआधी आणि दाबल्यानंतर ऐकलेल्या आवाजांत फारसा फरक आढळलेला नाही. तरीही हा क्रम पाळण्यासारखा आहे, आणि त्याचे खरे कारण आतड्यात कमी, पोटाच्या भिंतीत जास्त सापडते. पोटाचे स्नायू अतिशय सावध असतात. गार हात लागला, दुखरी जागा एकदा दाबली गेली, नुसती भीती वाटली, तरी ते आकसून ताठ होतात. एकदा ताठ झालेले पोट पुढची दहा मिनिटे काही सांगत नाही. म्हणून पोटाला सर्वांत कमी डिवचणारी गोष्ट आधी आणि सर्वांत जास्त डिवचणारी शेवटी. नजर पोटाला स्पर्शही करत नाही. स्टेथोस्कोप हलकेच टेकतो. बोटांचा ठोका जाणवतो, पण क्षणभरच. हाताचा दाब मात्र थेट आतल्या अवयवांपर्यंत जातो. असा विचार केला की क्रम पाठ करावा लागत नाही.

वॉर्डात नेहमी भेटणाऱ्या एका रुग्णाचे उदाहरण घेऊ. वय 62, शेती करणारे काका. सकाळी उजव्या जांघेतल्या हर्नियाचे ऑपरेशन झाले, पाठीत भूल देऊन. दिवसभरात शिरेतून सलाइनच्या तीन-चार बाटल्या गेल्या. संध्याकाळी सहानंतर ते अस्वस्थ आहेत, या कुशीवरून त्या कुशीवर होत आहेत. ‘पोटात कळा येतात, फुगल्यासारखं वाटतं,’ म्हणतात. मुलगा सांगतो, ‘गॅस झालाय, ओवा द्यायचा का?’ ड्यूटीवरची स्टाफ सिस्टर दुसऱ्या रुग्णाला रक्त लावण्यात गुंतलेली आहे. ती तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला म्हणते, ‘जरा त्यांचं पोट बघून ये आणि मला सांग.’

विद्यार्थिनीने पोटाकडे जाण्याआधी प्रश्न विचारायचे असतात, आणि ते फार नसतात. दुखते कुठे, ते एका बोटाने दाखवा. कधीपासून? उलटी झाली का? गॅस सरला का? लघवी कधी झाली? काका या शेवटच्या प्रश्नावर म्हणतात, ‘होतीय की. मघापासून तीनदा गेलो.’ किती झाली, हे विचारल्यावर मात्र उत्तर येते, ‘थेंब थेंब.’ हा तपशील मनात ठेवून पुढे जायचे, पण निदान ठरवून टाकायचे नाही. ठरवून हात लावला की हाताला तेच सापडते.

तपासणीआधी मूत्राशय रिकामे करायला सांगायचे, हा नियम आहे. भरलेले मूत्राशय ओटीपोटात गाठीसारखे लागते आणि दाबल्यावर रुग्णाला त्रास होतो. इथे काकांनी तर तसा प्रयत्न केलेलाच आहे. खाटेभोवती पडदा ओढायचा. रुग्ण उताणा, डोक्याखाली एक उशी, दोन्ही हात अंगाशेजारी. बरेच रुग्ण सवयीने हात डोक्याखाली घेतात, त्याने पोट ताणले जाते. गुडघे थोडे वाकवून त्यांच्याखाली उशी सरकवली की पोट सैल पडते. छातीच्या हाडाच्या टोकापासून जांघेपर्यंतचा भाग उघडा हवा, त्याच्या वर आणि खाली चादर हवी. बायकांच्या वॉर्डात ही गोष्ट सोपी नसते. परकराची नाडी घट्ट असते, ती सैल करायला कुणी तयार नसते आणि मग नेमका ओटीपोटाचा नि जांघेचा भाग झाकलेलाच राहतो. जांघेत अडकलेला हर्निया केवळ कपडा बाजूला न केल्यामुळे सुटून जाण्याचे प्रकार वैद्यकीय शिक्षणात वर्षानुवर्षे सांगितले जातात. संकोच समजून घ्यावा, एखादी सिस्टर किंवा घरची बाई सोबत उभी करावी, पण जांघ पाहिल्याशिवाय पोटाची तपासणी पुरी झाली असे लिहू नये.

आता पाहणे. उजव्या हाताने तपासणारी व्यक्ती रुग्णाच्या उजव्या बाजूला उभी राहते. पण उभे राहून फक्त वरून पाहिले तर पोट सपाट दिसते. खाटेशेजारी वाकायचे किंवा स्टूलवर बसायचे आणि पोटाच्या पातळीवर डोळे आणून आडवे पाहायचे. उजेड बाजूने आला तर उंचवटे सावलीमुळे उठून दिसतात. आधी आकार: पोट सपाट आहे, खोल गेलेले आहे की वर आलेले? वर आले असेल तर सगळीकडून सारखे, की एका जागी? मग श्वासाबरोबर ते हलते का? हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण पोटाच्या आतल्या आवरणाला सूज आली असेल तर रुग्ण पोट हलवायचे टाळतो आणि वरचेवर छातीनेच श्वास घेतो. आतड्याला अडथळा असलेल्या एखाद्या कृश रुग्णात आतड्याची वळवळ कातडीखाली दिसूही शकते. बेंबी, जुन्या ऑपरेशनचे व्रण, फुगलेल्या शिरा पाहायच्या आणि शेवटी रुग्णाला खोकायला सांगायचे. खोकल्यावर कुठे फुगवटा येतो का, हे तर कळतेच, शिवाय खोकताना रुग्णाचा हात नकळत पोटाच्या कोणत्या जागेवर जातो तेही कळते.

महाराष्ट्रातल्या नर्सला पाहण्याच्या या टप्प्यावर आणखी एक गोष्ट दिसू शकते. मेळघाटात तान्ह्या बाळाचे पोट फुगले की तापलेल्या विळ्याने पोटावर चटके देण्याची प्रथा आहे आणि अशी बाळे अजूनही दवाखान्यात येतात. कोवळ्या पोटावरचे हे डाग दिसले, की कातडीची जखम हा एक भाग झाला. बाळाचे पोट मुळात का फुगले होते, हा प्रश्न तसाच उरलेला असतो आणि तो शोधायचा असतो. आईवर ओरडल्याने तो सुटत नाही.

काकांचे पोट आडवे पाहिल्यावर काय दिसते? बेंबीच्या वरचा भाग सपाट, श्वासाबरोबर हलणारा. उजव्या जांघेत ड्रेसिंग, कोरडे. बेंबीच्या खाली मात्र मधोमध एक गोल उंचवटा आहे, घुमटासारखा. गॅस झाला असता तर फुगवटा साधारण सगळीकडे पसरला असता. एवढे हात न लावता कळले.

दुसरा टप्पा ऐकण्याचा. आतड्यातल्या हवेची आणि द्रवाची ढकलाढकल होताना गुडगुड आवाज होतो. या आवाजांकडे शास्त्रीय कुतूहलाने पाहणाऱ्या पहिल्या मोठ्या संशोधकांपैकी एक म्हणजे अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन. त्यांनी 1905 साली जठर-आतड्यांच्या लयबद्ध आवाजांवर लेख प्रसिद्ध केला. स्टेथोस्कोपची चपटी बाजू हातात धरून कोमट करायची आणि पोटावर हलकेच टेकवायची, रुतवायची नाही. सुरुवात उजव्या बाजूला खाली करतात, कारण तिथे लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते आणि आवाज बहुधा सापडतो. नाकातून नळी घालून सक्शन सुरू असेल, तर ऐकताना ते थांबवायचे आणि नंतर आठवणीने सुरू करायचे. नाही तर यंत्राचाच घरघराट आतड्याच्या नावावर जमा होतो.

मिनिटाला 5 ते 34 आवाज हे पुस्तकात दिलेले सामान्य प्रमाण. एवढी मोठी मर्यादा असलेला आकडा मोजून फार काही हाती लागत नाही, हे कुणाच्याही लक्षात येईल. जेवणानंतर आतडे बोलके होते, मध्येच काही मिनिटे गप्पही बसते. म्हणूनच ‘आवाज नाहीत’ असे लिहिण्याआधी पाच मिनिटे ऐकायला सांगतात. चाळीस खाटांच्या वॉर्डात सलग पाच मिनिटे कोणी ऐकत नाही, हे शिकवणाऱ्यांनाही माहीत असते. पण मग निदान ‘आवाज नाहीत’ असेही लिहू नये. ‘दोन मिनिटे ऐकले, आवाज आला नाही’ असे लिहावे. ते खरे असते.

आणि या टप्प्याची मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. आतड्याच्या आवाजांची रेकॉर्डिंग डॉक्टरांना ऐकवून यांतले निरोगी कोणते, अडथळ्याचे कोणते आणि सुस्तावलेल्या आतड्याचे कोणते, असे विचारले गेले तेव्हा त्यांना ते खात्रीने सांगता आले नाही. ऑपरेशननंतर आतडे पुन्हा कामाला लागले की नाही हे ठरवायला स्टेथोस्कोपपेक्षा ‘गॅस सरला का? संडास झाली का? उलटी न होता चहा पोटात राहिला का?’ हे प्रश्न जास्त भरवशाचे. ऐकणे सोडावे असा याचा अर्थ नाही. मधल्या रेषेत बेंबीच्या थोडे वर स्टेथोस्कोप ठेवला असता नाडीच्या तालात फुस्कारा ऐकू आला, तर तो मोठ्या धमनीचा असू शकतो, आणि असा आवाज ऐकल्यावर त्या जागी खोल दाबायला जायचे नसते. हात लावण्याआधी कान लावल्याचा हा एक रोकडा फायदा.

काकांच्या पोटात आवाज येत आहेत, नेहमीसारखे. म्हणजे निदान ऐकण्यात तरी काही वावगे नाही.

तिसरा टप्पा, ठोकण्याचा, हा या चारांतला सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते नर्सच्या सर्वांत कामाचा. तो वैद्यकशास्त्रात आणला ऑस्ट्रियातल्या लिओपोल्ड औएनब्रुग्गर यांनी, 1761 साली. वडील ग्राट्स शहरात खानावळ चालवायचे. वाइनचे पिंप किती भरले आहे हे ठोकून ओळखण्याची तिथली रीत मुलाने पाहिली होती आणि तीच पुढे छातीला लावली, असे सांगतात. समकालीनांनी त्यांच्या पुस्तकाकडे फारसे लक्ष दिले नाही. नेपोलियनचे वैद्य कोर्व्हिसार यांनी 1808 साली त्याचे फ्रेंच भाषांतर केले तेव्हा ते गाजले.

रीत अशी. डाव्या हाताचे मधले बोट पोटावर सपाट टेकवायचे, बाकीची बोटे उचललेली. उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकाने त्या बोटाच्या शेवटच्या सांध्यावर दोनदा ठोकायचे. हालचाल मनगटातून, ठोका झाला की बोट लगेच वर. आवाज कानाला ओळखीचा नसेल तर सराव घरी करता येतो. गाल फुगवून त्यावर टिचकी मारली की जो पोकळ आवाज येतो तो हवेचा, आणि स्वतःच्या मांडीवर ठोकले की येतो तो बद्द आवाज मांसाचा किंवा द्रवाचा. पोटात बहुतेक ठिकाणी पोकळ आवाज यायला हवा, कारण आतड्यात हवा असते. उजव्या बरगड्यांखाली यकृत असते, तिथे बद्द आवाज येतो. बद्द पट्ट्याची वरची आणि खालची कड शोधली की यकृत साधारण केवढे आहे ते कळते. कॉलरबोनच्या मध्यातून खाली काढलेल्या रेषेवर मोठ्या माणसात ते 6 ते 12 सेंटिमीटर भरते. हा बद्दपणा गायब होऊन तिथे पोकळ आवाज येऊ लागला आणि रुग्णाला एकदम भयंकर पोटदुखी सुरू झालेली असेल, तर जठराला किंवा आतड्याला भोक पडून हवा बाहेर आल्याची शंका घ्यायची आणि डॉक्टरांना ताबडतोब बोलवायचे.

विद्यार्थिनी काकांच्या छातीच्या हाडाखालून सुरुवात करून मधल्या रेषेने खाली ठोकत येते. पोकळ, पोकळ, बेंबीपाशीही पोकळ. बेंबीच्या दोन बोटे खाली आवाज एकदम बद्द होतो आणि थेट खालच्या हाडापर्यंत तसाच राहतो. मग ती डाव्या-उजव्या बाजूंना ठोकते. तिथे पोकळ. बद्द भागाची वरची कड घुमटासारखी गोल आहे.

इथे थोडे थांबायला हवे, कारण पोटात पाणी झालेल्या रुग्णात, म्हणजे जलोदरात, चित्र नेमके उलटे असते. रुग्ण उताणा असताना मोकळे पाणी दोन्ही कुशींत साचते आणि हवा भरलेली आतडी मधोमध तरंगतात. त्यामुळे मध्ये पोकळ आणि बाजूंना बद्द आवाज येतो. रुग्णाला कुशीवर वळवून थोडा वेळ थांबले की पाणी खालच्या बाजूला जाते आणि मघाशी बद्द असलेली वरची बाजू पोकळ वाजू लागते. अशी हलणारी बद्दता सापडायला पोटात साधारण एक ते दीड लिटर पाणी असावे लागते, त्यामुळे ती न सापडणे म्हणजे पाणी नाही असे नव्हे. काकांच्या पोटात मात्र बद्द भाग मधोमध आहे आणि बाजू मोकळ्या आहेत. हे मोकळे पाणी नाही. काहीतरी भरलेली पिशवी आहे आणि ती ओटीपोटातून वर आली आहे.

आता हात. नखे कापलेली, हात धुतलेले आणि एकमेकांवर चोळून गरम केलेले. दुखती जागा माहीत असल्यामुळे सुरुवात तिच्यापासून सर्वांत दूर करायची. आधी हलका स्पर्श. तळवा सपाट, बोटे एकत्र, पोट एखादा सेंटिमीटर दबेल एवढाच दाब. बोटांची टोके खुपसायची नाहीत. हात पूर्ण पोटावरून एकेका भागाला फिरवायचा आणि या सगळ्या वेळात नजर पोटावर नसते, रुग्णाच्या चेहऱ्यावर असते. ‘दुखतंय का?’ असे विचारले तर बरेच जण सिस्टरला वाईट वाटू नये म्हणून ‘नाही’ म्हणतात. कपाळावरची आठी खोटे बोलत नाही.

हलक्या स्पर्शात सर्वांत महत्त्वाची गोष्ट ओळखायची ती पोटाचा ताठरपणा. काही पोटे भीतीने किंवा गुदगुल्यांनी ताठ होतात. रुग्णाला तोंड उघडून सावकाश श्वास सोडायला सांगितले, गावाकडच्या पावसापाण्याची चौकशी केली, की असे पोट श्वास सोडताना सैल पडते. गुदगुल्या होणाऱ्याचा स्वतःचा हात पोटावर ठेवून त्यावर आपला हात ठेवला की काम होते. पण पोट श्वास सोडतानाही ताठच राहिले, फळीसारखे लागले, तर तो ताठरपणा रुग्णाच्या हातात नाही. आतल्या आवरणाला सूज आली आहे. विद्यार्थिनीची तपासणी तिथे संपली. खोल दाबायचे नाही, तोंडाने काही द्यायचे नाही, नाडी, रक्तदाब, ताप मोजायचा आणि डॉक्टरांना कळवायचे.

अपेंडिक्सच्या दुखण्यात या टप्प्याची कसोटी लागते. दुखणे बेंबीभोवती सुरू होते आणि काही तासांत उजवीकडे खाली सरकते. कमरेच्या उजव्या पुढच्या हाडापासून बेंबीपर्यंत रेघ ओढली तर हाडापासून एक तृतीयांश अंतरावरचा बिंदू सर्वांत हळवा असतो. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक चार्ल्स मॅकबर्नी यांनी 1889 मध्ये तो दाखवून दिला. पूर्वी तिथे खोल दाबून हात झटकन काढायचा आणि रुग्ण कळवळतो का ते पाहायचे, अशी पद्धत होती. ती क्रूर आहे आणि तिची गरजही नाही. त्या जागी हलका ठोका मारला किंवा रुग्णाला खोकायला सांगितले तरी तीच माहिती मिळते. इंग्लंडमधल्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तर रुग्णांना विचारले, की येताना गाडी स्पीडब्रेकरवरून गेली तेव्हा पोट जास्त दुखले का? ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 2012 साली हा अभ्यास छापून आला. अपेंडिक्सला सूज असल्याचे सिद्ध झालेल्या 34 जणांपैकी 33 जणांनी ‘हो’ म्हटले होते. मात्र अपेंडिक्स ठीक असलेल्यांपैकीही बहुतेकांनी ‘हो’च म्हटले होते. म्हणजे हादऱ्याने दुखले नाही तर अपेंडिक्सची शक्यता बरीच कमी होते, दुखले तर फक्त संशय कायम राहतो. आपल्याकडे रस्त्यांच्या कृपेने हा प्रश्न प्रत्येक रुग्णाला विचारता येईल.

हलक्या स्पर्शानंतरच खोल दाब, चार-पाच सेंटिमीटर, आणि तोही बेताने. लठ्ठ रुग्णात एका हातावर दुसरा हात ठेवून वरचा हात दाबतो आणि खालचा फक्त जाणवून घेतो. यकृत आणि प्लीहा शोधताना हात स्थिर ठेवून रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगायचे, म्हणजे अवयवच खाली येऊन बोटांना भिडतो. प्लीहेच्या बाबतीत नवशिक्यांची एक चूक हमखास होते. प्लीहा डाव्या बरगड्यांखाली असते म्हणून ते तिथूनच सुरुवात करतात. वाढलेली प्लीहा मात्र तिरकी उजव्या जांघेच्या दिशेने वाढत जाते. ती फार मोठी असली तर हात थेट तिच्या पाठीवरच पडतो, कड सापडतच नाही आणि केसपेपरवर ‘प्लीहा लागत नाही’ असे लिहिले जाते. म्हणून सुरुवात उजव्या बाजूने खालून करायची आणि तिरके वर डावीकडे जायचे. गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या भागात काम करणाऱ्या नर्सला हे हाताने माहीत असावे लागते. किती मुलांची प्लीहा वाढली आहे, यावरूनच एकेकाळी एखाद्या गावातल्या मलेरियाची तीव्रता मोजली जायची.

काही पोटे मात्र दाबायचीच नसतात. मधोमध नाडीसारखी धडधडणारी गाठ असेल तर, अपघातात डाव्या बरगड्यांखाली मार लागून प्लीहा फाटल्याचा संशय असेल तर, किंवा जिथे किडनीचे रोपण झाले आहे त्या जागी, विद्यार्थिनीने खोल हात घालू नये. लहान मुलांच्या किडनीत होणारी विल्म्स नावाची कर्करोगाची गाठ दाबाने फुटू शकते. म्हणून अशा मुलाच्या खाटेवर ‘पोट दाबू नये’ अशी पाटी लावतात. ती पाटी लावणे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून तिचे पालन करून घेणे, हे नर्सचे काम.

काकांकडे परत येऊ. विद्यार्थिनी डाव्या बरगड्यांखालून सुरुवात करते. वरचे पोट मऊ. दोन्ही बाजू मऊ. टाक्यांच्या जागेला ती हात लावत नाही. बेंबीखाली तिच्या बोटांना एक गुळगुळीत, ताणलेला गोळा लागतो. त्याची वरची कड सापडते, खालची सापडत नाही, ती हाडामागे गेलेली आहे. त्यावर हलकेच दाबताच काका म्हणतात, ‘अहो सिस्टर, नका दाबू, लघवीची कळ येतीय.’

चारही टप्पे एकाच दिशेने बोट दाखवत आहेत. मूत्राशय तुडुंब भरले आहे. पाठीतल्या भुलीने मूत्राशयाची जाणीव आणि आकुंचन काही तास मंदावते, शिरेतून पाणी भरपूर गेलेले असते, आणि साठीनंतर पुरुषांत प्रोस्टेट बहुधा वाढलेली असते. थेंब थेंब होणारी लघवी ही काठोकाठ भरलेल्या मूत्राशयातून सांडणारी होती. ‘लघवी होतेय’ या उत्तरावर समाधान मानले असते तर हे सुटले असते. साधारणपणे मूत्राशयात 300 ते 400 मिलिलिटर साचले की माणसाला जावेसे वाटते. विद्यार्थिनीने कळवल्यावर ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी खात्री केली, कॅथेटर घालायला सांगितले आणि पिशवीत 900 मिलिलिटर लघवी आली. ओवा लागला नाही.

हाच घुमट एखाद्या तरुण स्त्रीच्या पोटात असता, तर पहिला प्रश्न पाळीचा असता, कारण ओटीपोटातून मधोमध वर येणारी दुसरी मोठी गोष्ट म्हणजे गर्भाशय. लठ्ठ रुग्णात किंवा नुकतेच पोटाचे मोठे ऑपरेशन झालेल्यात हात आणि ठोका दोन्ही फसू शकतात. तिथे सोनोग्राफी किंवा मूत्राशय मोजणारे छोटे स्कॅनर यंत्र कामी येते. म्हातारे रुग्ण, मधुमेही आणि स्टिरॉइडवर असलेले रुग्ण यांचे पोट आत भोक पडलेले असतानाही मऊ लागू शकते, त्यामुळे त्यांच्या मऊ पोटावर विसंबून निर्धास्त होता येत नाही. आणि एक जुना समज: दुखणे कमी करणारे औषध दिले तर तपासणीत काही कळणार नाही, म्हणून डॉक्टर येईपर्यंत रुग्णाला कळवळत ठेवायचे. अभ्यासांनी तो खोटा ठरवला आहे. योग्य मात्रेत वेदनाशामक दिल्याने निदान चुकत नाही, उलट सैल पडलेले पोट नीट तपासता येते. औषध कोणते आणि किती, हे मात्र डॉक्टर ठरवतात.

उरते ती नोंद. ‘पोट मऊ, काही विशेष नाही’ हे वाक्य केसपेपरांवर इतक्या वेळा लिहिले जाते की ते कुणी वाचत नाही. काकांच्या केसपेपरवर विद्यार्थिनीने लिहायला हवे ते साधारण असे: सायंकाळी 6.40. बेंबीखाली मध्यभागी गोल फुगवटा, श्वासाबरोबर पोट हलते, ड्रेसिंग कोरडे. आतड्याचे आवाज येतात. बेंबीखाली दोन बोटांपासून खाली ठोक्याला बद्द, कुशींत पोकळ. वरचे पोट मऊ, ओटीपोटात गुळगुळीत गोळा, दाबल्यावर लघवीची भावना. डॉक्टरांना 6.50 ला कळवले. कॅथेटरनंतर 900 मिलिलिटर, स्वच्छ. 7.15 ला पुन्हा तपासले, गोळा नाही, बेंबीखाली ठोका पोकळ. शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. गोळा मूत्राशयाचाच होता याचा पुरावा त्यात आहे, आणि लघवी काढल्यावरही तो तसाच राहिला असता तर शोध पुढे चालू ठेवावा लागला असता.

रुग्णालयात जाणाऱ्यांनी यातून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पोट दुखत असताना घरी ते चोळून घेऊ नये, ‘बेंबी सरकली’ म्हणून कुणाकडून दाबून तर मुळीच घेऊ नये. आणि सिस्टरने ‘गॅस सरला का? लघवी किती झाली?’ असे विचारले तर लाजून ‘हो, हो’ म्हणू नये. किती झाली आणि कधी झाली, ते नेमके सांगावे.